दोन वजाबाक्या आणि न्यू जर्सीतली बर्गरची दुकानं

1 एप्रिल 1992 रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलरवर गेलं. नदीपलीकडच्या पेन्सिल्व्हेनियात ते 4.25 वरच राहिलं. किमान वेतन वाढलं की मालक माणसं कमी करतात, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात शिकवलं जायचं आणि बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना ते पटलेलंही होतं. प्रिन्स्टन विद्यापीठातले डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी ठरवलं की आपण ते मोजून पाहू. त्यांनी वापरलेल्या पद्धतीला ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’ म्हणतात. मराठीत तिला ‘फरकांतला फरक’ म्हणू. सरकारी योजना, कायदे, करसवलती यांचा परिणाम मोजायला आज जगभर ही पद्धत वापरली जाते. तिचं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. अवघड आहे ते वेगळंच, आणि ते कळायला या एका अभ्यासाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी त्यांनी काय केलं ते पाहू. किमान वेतनावर सगळ्यात जास्त माणसं जिथे काम करतात अशी जागा म्हणजे बर्गर आणि तळलेलं चिकन विकणारी साखळी दुकानं. बर्गर किंग, केएफसी, वेंडीज आणि रॉय रॉजर्स या चार साखळ्यांची 410 दुकानं त्यांनी निवडली. त्यांतली 331 न्यू जर्सीतली होती, तर 79 पेन्सिल्व्हेनियाच्या पूर्व भागातली. एकाच साखळीच्या दुकानांत, राज्य कोणतंही असो, पदार्थ तेच, कामं तीच आणि गणवेशही तेच. वाढ लागू होण्याच्या थोडं आधी, फेब्रुवारी आणि मार्च 1992 मध्ये, त्यांनी दुकानांना फोन करून विचारलं की पूर्णवेळ किती जण आहेत, अर्धवेळ किती आणि सुरुवातीचा पगार किती देता. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच दुकानांना पुन्हा विचारलं. जिथे फोन उचलला गेला नाही तिथे माणूस पाठवला. मधल्या काळात जी दुकानं कायमची बंद पडली होती, त्यांची कामगारसंख्या शून्य धरली. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. वेतनवाढीने एखादं दुकान बुडालं असेल आणि आपण फक्त तगलेली दुकानं मोजली, तर नुकसान झालेलंच दिसणार नाही.

अर्धवेळ कामगाराला अर्धा धरून त्यांनी प्रत्येक दुकानाची कामगारसंख्या काढली. सरासरी अशी आली:

| | वाढीआधी | वाढीनंतर | बदल |
|---|---|---|---|
| न्यू जर्सी | 20.44 | 21.03 | +0.59 |
| पेन्सिल्व्हेनिया | 23.33 | 21.17 | −2.16 |

या चार आकड्यांकडे बघून घाईघाईने काय म्हणता येईल? एक जण म्हणेल, न्यू जर्सीत आधी 20.44 होते, नंतर 21.03 झाले, म्हणजे जेमतेम अर्ध्या माणसाची वाढ. कायद्याने काही बिघडलं नाही आणि सुधारलंही नाही. दुसरा म्हणेल, आधीचं सोडा, कायद्यानंतर न्यू जर्सीत 21.03 आणि पेन्सिल्व्हेनियात 21.17, दोन्ही राज्यं सारखीच, तेव्हा परिणाम शून्य. दोघांचं उत्तर जवळपास एकच येतं. दोघंही चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

पहिला काळाला विसरला. 1990 पासून अमेरिकेच्या ईशान्य भागात मंदी होती. शिवाय पहिली पाहणी हिवाळा संपताना झाली आणि दुसरी नाताळच्या तोंडावर. ज्या आठ-नऊ महिन्यांत कायदा लागू झाला, त्याच महिन्यांत इतरही बरंच काही घडत होतं. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या वजाबाकीत ते सगळं कायद्याच्या खात्यात जमा होतं. दुसरा जागेला विसरला. पेन्सिल्व्हेनियातली दुकानं मुळातच मोठी होती. कायद्याआधीही तिथे दुकानामागे जवळजवळ तीन माणसं जास्त होती. नंतरचे आकडे सारखे दिसतात म्हणजे काही घडलं नाही असं नव्हे. उलट, तीन माणसांचं जुनं अंतर कुठे गेलं हा प्रश्न पडायला हवा.

म्हणून दोन वजाबाक्या. प्रत्येक राज्यात नंतरच्या आकड्यातून आधीचा वजा केला की दुकानं लहान की मोठी, शहरात की महामार्गावर, असे न बदलणारे सगळे फरक निघून जातात. मग न्यू जर्सीच्या बदलातून पेन्सिल्व्हेनियाचा बदल वजा केला की मंदी, ऋतू, चिकनचे भाव असं दोन्हीकडे सारखंच लागू असलेलं सगळं निघून जातं.

0.59 − (−2.16) = 2.75

छापील निबंधात हा आकडा 2.76 आहे; तेवढा फरक दशांश जवळच्या आकड्यावर आणण्यातला. अर्थ असा की किमान वेतन वाढल्यामुळे न्यू जर्सीतल्या दुकानांत माणसं कमी झाली नाहीत, उलट दुकानामागे पावणेतीन जास्त राहिली. 1994 मध्ये हे छापून आलं तेव्हा मोठा वाद झाला. तो अजून पूर्ण शमलेला नाही. 2021 मध्ये कार्ड यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. क्रूगर 2019 मध्येच गेले होते.

आता त्या पावणेतीनकडे जरा नीट बघा. त्यातला 0.59 न्यू जर्सीतून आला. उरलेला 2.16, म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त, पेन्सिल्व्हेनियातून आला. कायदा बदलला न्यू जर्सीत, आणि ‘परिणामा’चा मोठा भाग आला तो जिथे काहीच बदललं नव्हतं अशा राज्यातून. हे ऐकताच कुणालाही शंका येईल, आणि यायलाच हवी. या पद्धतीचा सगळा भार कुठे आहे ते इथे दिसतं.

हिशेब जरा दुसऱ्या बाजूने मांडू. वेतनवाढ झालीच नसती तर 1992 च्या शेवटी न्यू जर्सीतल्या दुकानांत सरासरी किती माणसं असती? हा आकडा कुठल्याही पाहणीत मिळत नाही, कारण तसं घडलंच नाही. पद्धत म्हणते, न्यू जर्सीही पेन्सिल्व्हेनियाइतकीच घसरली असती असं धरा. मग 20.44 मधून 2.16 गेले, 18.28 उरले. प्रत्यक्षात होते 21.03. फरक पुन्हा 2.75. म्हणजे दोन वजाबाक्यांची ही सगळी खटपट त्या एका न घडलेल्या 18.28 साठी आहे. पेन्सिल्व्हेनियाचं काम एवढंच, की तिने तो आकडा आपल्याला उसना द्यायचा.

या गृहीतकाला समांतर कलाचं गृहीतक म्हणतात. दोन्ही गट सारखे असले पाहिजेत असं ते म्हणत नाही. ते सारखे नव्हतेच. ते म्हणतं, योजना नसती तर दोघांचे आलेख एकमेकांना समांतर चालले असते, अंतर राखून. पाहणी कितीही मोठी केली तरी हे सिद्ध करता येत नाही, कारण त्याची एक बाजू घडलेलीच नसते. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढंच ठरवता येतं. त्यासाठी पुरावा गोळा करता येतो, आणि चांगला अभ्यासक व वाईट अभ्यासक यांतला फरक या पुराव्यात असतो.

कार्ड आणि क्रूगर यांनी एक पुरावा न्यू जर्सीच्या आतूनच काढला. तो मला फार आवडतो. न्यू जर्सीतली सगळी दुकानं कायद्याआधी 4.25 वर माणसं घेत नव्हती. काही दुकानं आधीपासूनच सुरुवातीला ताशी 5 डॉलर किंवा जास्त देत होती. कायद्याने त्यांचं जवळजवळ काहीच बदलायला नको. म्हणजे ती न्यू जर्सीत असूनही कायद्यापासून अलिप्त होती. त्यांची कामगारसंख्या 22.25 वरून 20.21 वर आली, 2.04 ची घट. पेन्सिल्व्हेनियाची घट होती 2.16. आता ज्या दुकानांत सुरुवातीचा पगार नेमका 4.25 होता, म्हणजे ज्यांना पूर्ण 80 सेंटांची वाढ द्यावी लागली, त्यांच्याकडे बघा: 19.56 वरून 20.88, 1.32 ची वाढ. एकाच राज्यात, तीच मंदी सोसणाऱ्या दोन प्रकारच्या दुकानांची तुलना केली तर फरक 3.36 येतो. तो पेन्सिल्व्हेनियाशी तुलना करून आलेल्या 2.75 पासून फार दूर नाही.

यातून काय साधलं? पेन्सिल्व्हेनियातली घट हा तिथलाच काही खास अपघात असेल, ही शंका बरीच सैल झाली. कायद्याचा धक्का न लागलेली न्यू जर्सीतली दुकानंही तितकीच घसरली होती. तुलनेचा एकच गट असेल तर त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक गोष्ट आपल्या उत्तरात शिरते. दोन वेगळ्या ठिकाणचे तुलनेचे गट एकच गोष्ट सांगत असतील तर विश्वास वाढतो. मात्र शंका पूर्ण संपत नाही. आधीपासून जास्त पगार देणारी दुकानं वेगळ्या वस्तीतली असू शकतात आणि मंदी त्यांना वेगळी लागू शकते.

आणखी एक प्रश्न आहे. तो सहसा कुणी विचारत नाही, पण आकडे हातात असताना कुणालाही तपासता येतो. समांतर म्हणजे कशात समांतर? माणसांच्या संख्येत की टक्क्यांत? पेन्सिल्व्हेनियात 23.33 मधून 2.16 गेले, म्हणजे सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास घट. मंदीने दोन्हीकडे सारखी टक्केवारी खाल्ली असं धरलं तर न्यू जर्सीच्या 20.44 मधून 1.89 जायला हवे होते आणि 18.55 उरायला हवे होते. मग परिणाम 2.75 ऐवजी 2.48 येतो. इथे फार बिघडत नाही, कारण सुरुवातीचे आकडे जवळपास होते. पण एका तालुक्यात शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 20 टक्के आणि दुसऱ्यात 60 टक्के असेल, तर संख्येतली समांतरता आणि टक्क्यांतली समांतरता उलटसुलट उत्तरं देऊ शकतात. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. दोन गटांत सुरुवातीलाच मोठं अंतर असेल तर कोणती धरली आणि का, हे लेखकाने सांगायलाच हवं.

गृहीतक तपासण्याचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे मागे वळून पाहणं. योजनेआधीच्या पाच-सात वर्षांत दोन्ही गटांचे आलेख समांतर होते का? तेव्हाच एकमेकांपासून दूर सरकत असतील तर योजनेनंतरचं सरकणं योजनेच्या नावावर टाकता येत नाही. 1994 च्या अभ्यासाची सगळ्यात कमकुवत बाजू हीच होती. पाहणीचे फक्त दोनच बिंदू होते, एक आधीचा आणि एक नंतरचा. दोन बिंदूंतून रेघ काढता येते, पण ती आधीपासून कुठल्या दिशेने चालली होती ते कळत नाही.

टीका त्या दिशेने आलीच. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून पुन्हा हिशेब मांडला. 2000 साली छापलेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष उलटा होता: पेन्सिल्व्हेनियाच्या तुलनेत न्यू जर्सीत रोजगार कमी झाला. त्यांचा आक्षेप रास्त होता. फोनवर मॅनेजर जे सांगतो त्यात चुका फार असतात. पगारपत्रक खोटं बोलत नाही. पण त्यांच्या आकड्यांतला काही भाग हॉटेल व्यवसायाच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेमार्फत जमलेला होता, त्यामुळे कोणती दुकानं त्यात आली हा प्रश्न उरला. त्याच वर्षी कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारच्या कामगार सांख्यिकी विभागाकडच्या नोंदी घेऊन उत्तर दिलं. या नोंदी मालकांना बेकारी विम्यासाठी द्याव्याच लागतात, त्या महिन्या-महिन्याच्या असतात आणि कित्येक वर्षांच्या मिळतात. त्यांत न्यू जर्सीत घट दिसत नव्हती. पण 2.75 इतकी मोठी वाढही दिसत नव्हती. एकूण रोजगारावर बहुधा परिणाम नाही, असलाच तर किंचित वाढीचा, असा त्यांचा सुधारलेला निष्कर्ष होता.

या दीर्घ नोंदींनी आणखी एक संधी दिली. ऑक्टोबर 1996 मध्ये अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन 4.75 डॉलर झालं. न्यू जर्सीत आधीच 5.05 असल्याने तिला त्याने काही फरक पडत नव्हता. पेन्सिल्व्हेनियाला मात्र वाढ द्यावी लागली. म्हणजे भूमिका उलटल्या. चार वर्षांपूर्वी तुलनेचं असलेलं राज्य आता योजनेचं झालं. तेव्हाही पेन्सिल्व्हेनियातला रोजगार न्यू जर्सीच्या तुलनेत खचलेला दिसला नाही. कायदा एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला लागू व्हावा, आणि निष्कर्ष तोच राहावा, असा पुरावा अभ्यासकाला क्वचितच मिळतो.

मग 2.75 चं काय? तो आकडा स्वतःच फार डळमळीत होता. निबंधात त्याच्यासोबत 1.36 ही प्रमाण त्रुटी दिली आहे. ढोबळमानाने तिच्या दुप्पट खाली-वर जायचं, म्हणजे खरा परिणाम जवळजवळ शून्यापासून साडेपाचपर्यंत कुठेही असू शकतो. ही त्रुटीसुद्धा 410 दुकानं म्हणजे 410 स्वतंत्र साक्षी असं धरून काढलेली. पण कायदा काही दुकानागणिक लागू झाला नव्हता, तो राज्यागणिक लागू झाला. न्यू जर्सीला त्या वर्षी काही वेगळं झालं असेल तर तिथल्या सगळ्या दुकानांना एकदमच झालं असेल. या अर्थाने साक्षी दोनच होत्या.

ही अडचण किती खोल आहे ते मरियान बर्ट्रांड, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी 2004 मध्ये दाखवलं. त्यांनी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वेतनाचे खरे आकडे घेतले आणि कधीच न झालेले कायदे सोडत काढल्यासारखे वाटेल त्या राज्यांना आणि वर्षांना लावले. मग नेहमीच्या पद्धतीने फरकांतला फरक काढला. खोट्या कायद्यांचा परिणाम शंभरातून पाच वेळा ‘ठळक’ निघायला हवा होता. तो 45 वेळांपर्यंत निघाला. कारण तेच: एका राज्यातली माणसं आणि लागोपाठची वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, पण सूत्र त्यांना स्वतंत्र समजतं. तेव्हापासून चांगले अभ्यासक त्रुटी राज्य, जिल्हा किंवा गाव, म्हणजे योजना ज्या पातळीवर लागू झाली त्या पातळीवर धरून काढतात. आता एखादा अहवाल वाचताना ‘दहा हजार कुटुंबांची पाहणी’ हा आकडा पाहून दबून जायचं कारण नाही. ही कुटुंबं किती गावांतली होती आणि त्यांतल्या किती गावांत योजना होती, हे आधी बघायचं.

समांतर कलाचं गृहीतक उघडउघड मोडत असेल तर पद्धत सोडून द्यायची का? नेहमीच नाही. बिहारचं उदाहरण घेऊ. 2006 मध्ये बिहार सरकारने नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी 2,000 रुपये द्यायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत नववीतल्या मुली वाढल्या. पण त्याच वर्षांत बिहारची अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती, रस्ते होत होते, शिक्षक भरले जात होते. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांना सायकलचा वाटा वेगळा काढायचा होता.

त्यांच्यापुढे पहिली अडचण होती ती ‘आधी’च्या आकड्यांची. त्यांच्याकडे 2007-08 ची एकच मोठी घरोघरची पाहणी होती. त्यांनी वयाचा उपयोग केला. पाहणीच्या वेळी 14-15 वर्षांच्या मुली योजना आल्यावर नववीच्या वयाला पोचल्या होत्या; 16-17 वर्षांच्या मुलींचं नववीचं वय योजनेआधीच निघून गेलं होतं. एकाच पाहणीतून आधी आणि नंतर दोन्ही मिळाले. तुलनेला त्याच पाहणीतले मुलगे होते, ज्यांना तेव्हा सायकल मिळत नव्हती. रस्ते आणि शिक्षक मुलग्यांनाही लागू, त्यामुळे दुसऱ्या वजाबाकीत ते निघून जातात.

पण इथे समांतर कल उभाच राहत नव्हता. सायकल असो-नसो, मुली शाळेत मुलग्यांना हळूहळू गाठत होत्या. दरवर्षी अंतर थोडं थोडं कमी होतच होतं. म्हणून दोन वजाबाक्यांचं उत्तर योजनेला फुकटचं श्रेय देणार हे ठरलेलं होतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी तिसरी वजाबाकी केली. नोव्हेंबर 2000 पर्यंत झारखंड बिहारचाच भाग होता. समाज, भाषा आणि शाळांची व्यवस्था बरीचशी एक. तिथे ही योजना नव्हती. झारखंडमध्ये मुली मुलग्यांना जितक्या वेगाने गाठत होत्या तेवढा भाग त्यांनी बिहारच्या उत्तरातून काढून टाकला. तरीही जे उरलं ते मोठं होतं. मुलींचं योग्य वयातलं माध्यमिक शाळेतलं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुली यांच्यातलं अंतर 40 टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष 2017 मध्ये छापले गेले.

या अभ्यासातला सगळ्यात पटणारा भाग मला एक साधा प्रश्न वाटतो: हा परिणाम खरोखर सायकलचा असेल तर तो कुठे जास्त दिसायला हवा? अर्थात जिथे शाळा लांब आहे तिथे. शाळा गावातच असेल तर सायकलने काय साधणार? त्यांनी गावापासून माध्यमिक शाळेच्या अंतराप्रमाणे परिणाम वेगळा काढला. वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत आढळली. मुली एरवीही पुढे येत होत्या, हे कारण पूर्ण खरं असतं तर अंतराप्रमाणे असा फरक पडायचं काही कारण नव्हतं.

एका गोष्टीत मात्र तिसरी वजाबाकीही कामाला येत नाही. योजना कुणाला मिळाली, हेच जर आधीच्या एखाद्या वाईट वर्षावरून ठरलं असेल तर काय? 1978 मध्ये ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी अमेरिकेतल्या सरकारी रोजगार प्रशिक्षणाचा अभ्यास करताना पाहिलं की प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई बरोबर आधीच्या वर्षी घसरलेली असते. घसरली म्हणूनच ते आलेले असतात. अशी तात्पुरती घसरण बऱ्याचदा आपोआप भरून निघते. घसरलेल्या वर्षाला ‘आधी’ धरलं की हे आपोआप भरून येणं प्रशिक्षणाचं यश म्हणून मोजलं जातं, आणि तुलनेच्या गटात तशीच घसरण झालेली नसेल तर ते निघत नाही. त्यावर उपाय एकच, ‘आधी’ म्हणून एकच वर्ष न घेता मागची बरीच वर्षं घ्यायची आणि तो खड्डा दिसतो का ते बघायचं. न्यू जर्सीचं बळ इथेही होतं. तिथली वाढ 1990 मध्येच ठरली होती. मंदी आली तेव्हा विधिमंडळाने ती दोन टप्प्यांत करायचा ठराव केला, पण राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडायला मतं थोडी कमी पडली. दुकानांची स्थिती बघून कुणी ती तारीख निवडली नव्हती.

वाईट वर्षाला ‘आधी’ धरण्याचा हा धोका आपल्या महाराष्ट्राला नेमका लागू होतो. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झालं तेव्हा मराठवाडा दुष्काळात होता आणि 2015 चा पाऊसही अपुरा झाला. 2016 मध्ये पाऊस चांगला पडला. अशा वेळी निवडलेल्या गावातल्या विहिरींची पातळी 2015 आणि 2016 मध्ये मोजली तर ती चढलेलीच दिसणार, नाला खोल केला असो वा नसो. टंचाई पाहून गावं निवडली असतील तर हा फसवा चढ आणखीच मोठा. तेव्हा पुढच्या वेळी ‘कामानंतर पाणी इतके मीटर वर आलं’ असा फलक किंवा अहवाल तुमच्यासमोर आला, तर तीन गोष्टी मागा: शेजारच्या काम न झालेल्या गावांची त्याच महिन्यांतली पातळी, दोन्हीकडची आधीच्या निदान पाच वर्षांची पातळी, आणि हे गाव कशावरून निवडलं त्याचं उत्तर. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत आली आहे. वजाबाकी तुम्ही स्वतः करू शकता.